क्लोरहेक्सिडीन माउथवॉश: दोन आठवड्यांचं औषध, तपकिरी डाग आणि अळणी लागणारी आमटी

हिरडीची शस्त्रक्रिया झाली की डॉक्टरांच्या चिठ्ठीत गोळ्यांच्या खाली साधारण अशी एक ओळ असते: क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के, १० मिली, दिवसातून दोनदा, १४ दिवस. या ओळीतला शेवटचा आकडा सगळ्यात कमी पाळला जातो. बाटली संपते, तोंड स्वच्छ वाटत असतं, औषधाच्या दुकानात तीच बाटली सहज मिळते आणि चौदा दिवसांचं औषध चार महिने चालू राहतं. मग एके दिवशी आरशात दातांच्या मुळाशी तपकिरी कडा दिसते आणि माणूस घाबरून दवाखान्यात येतो.

हे औषध नीट वापरायचं असेल तर त्याचा एक गुण आधी समजून घ्यायला हवा, तो म्हणजे चिकटून राहणं. उपयोग, वेळेची मर्यादा, डाग, चवीतला बदल, सगळं त्यातूनच येतं.

ते तोंडात काय करतं

क्लोरहेक्सिडीनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. दातावरचा लाळेचा पातळ थर, गालाची आतली त्वचा, जीभ आणि जंतूंचं आवरण यांच्यावर ऋण भार असतो. त्यामुळे चूळ थुंकली तरी औषध सगळं बाहेर जात नाही. घेतलेल्या मात्रेपैकी बराच भाग, साधारण तिसरा हिस्सा, तोंडातच चिकटून राहतो आणि पुढचे आठ ते बारा तास थोडा थोडा सुटत राहतो. साध्या माउथवॉशचा परिणाम थोड्याच वेळात ओसरतो. क्लोरहेक्सिडीन मात्र दिवसातून दोनदा पुरतं ते यामुळे.

१९७० साली डेन्मार्कमधल्या ऑर्‌हुस इथे लोए आणि शिओट या दंतसंशोधकांनी हे दाखवून दिलं. त्यांनी काही निरोगी तरुणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं आणि ०.२ टक्के द्रावणाच्या १० मिली चुळा दिवसातून दोनदा भरायला लावल्या. तीन आठवडे ब्रश न लावताही त्यांच्या दातांवर प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साठला नाही आणि हिरड्या सुजल्या नाहीत. आजही चिठ्ठीवर हाच डोस लिहिला जातो.

पण हे प्रयोग स्वच्छ केलेल्या दातांवर होते, हे विसरू नये. क्लोरहेक्सिडीन नवा प्लाक बसू देत नाही. आधीच जमून घट्ट झालेला थर त्याला फोडता येत नाही. हिरडीखालच्या खोल खिशात चुळीचं पाणी जेमतेम वरच्या कडेपर्यंत पोचतं. रक्त आणि पू यांच्या संपर्कात त्याची ताकद कमी होते. म्हणून हिरडीतून रक्त येतंय म्हणून परस्पर बाटली आणली, तर दातांवर कीटण तसंच राहतं, खालचा आजार तसाच चालू राहतो आणि वरून वास तेवढा कमी होतो. दुखणं झाकलं जातं ते असं.

कधी लिहून दिलं जातं

सगळ्यात योग्य वापर एकच: जिथे काही दिवस ब्रश लावता येणार नाही तिथे. हिरडी उघडून आतली सफाई करण्याची फ्लॅप शस्त्रक्रिया, हिरडीचं रोपण, इम्प्लांट, अक्कलदाढ कापून काढणं, जबडा मोडल्यावर वरचे-खालचे दात तारेने बांधणं. या सगळ्यांत टाके किंवा जखम असते, तिथे ब्रश चालत नाही आणि प्लाक साठला तर जखम भरायला वेळ लागतो. तेवढ्या दिवसांपुरतं हे औषध ब्रशच्या जागी काम करतं.

अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेवरची हिरडी सुजते तेव्हा, हिरड्यांना अचानक व्रण पडून रक्त आणि तीव्र दुर्गंधी येते त्या आजारात आणि वरचेवर तोंड येणाऱ्यांना व्रण चिघळू नये म्हणूनही ते काही दिवसांसाठी देतात. हात चालत नसलेले, अंथरुणाला खिळलेले रुग्ण हा वेगळा गट आहे. तिथे मुदत डॉक्टर ठरवतात, आणि अनेकदा चुळीऐवजी बोटाला गुंडाळलेल्या गॉजने किंवा ब्रशने जेल लावायला सांगतात.

दाढदुखी, कीड, तोंडाचा रोजचा वास आणि सगळे वापरतात म्हणून रोजची सवय, यांसाठी ते नाही. २०१७ साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला होता. सौम्य हिरडीसुजेत चार ते सहा आठवड्यांत प्लाक बराच कमी होतो, हे त्यात ठामपणे दिसलं. हिरडीसूजही कमी झाली, पण इतकी थोडी की रुग्णाला फरक जाणवावा असं काही नाही. दातांवरचे डाग मात्र ठळकपणे वाढले. ज्याच्या हाताला ब्रश धरता येतो आणि ज्याच्या तोंडात ताजी जखम नाही, त्याने हे औषध घेतलं तर फायद्यापेक्षा डागच जास्त पदरात पडतात.

बाटली उघडण्याआधी

लेबलवरची टक्केवारी वाचा. आपल्याकडे बहुतेक बाटल्या ०.२ टक्क्यांच्या असतात, काही ०.१२ टक्क्यांच्या. ०.२ टक्के असेल तर एका वेळी १० मिली, ०.१२ टक्के असेल तर १५ मिली. पहिल्यात २० मिलिग्रॅम औषध तोंडात जातं, दुसऱ्यात १८, म्हणजे जवळपास सारखंच. बाटलीचं झाकण किती मिलीचं आहे ते पाहा. खूण नसेल तर गोळ्या-सिरपसोबत मिळणारं मापाचं भांडं घ्या. अंदाजाने घोटभर ओतलं की कधी सहा मिली पडतं, कधी पंधरा.

पाणी मिसळायचं की नाही, याबद्दल खूप गोंधळ असतो. काही डॉक्टर जळजळ कमी व्हावी म्हणून तेवढंच पाणी घालायला सांगतात. तसं सांगितलं असेल तर १० मिली औषधात १० मिली पाणी घालून सगळी २० मिली चूळ भरायची. औषधाची मात्रा तीच राहते. चूक होते ती अशी: ५ मिली औषध, ५ मिली पाणी. दिसायला भांडं भरलेलं, पण औषध अर्धंच. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं नसेल तर न मिसळता घ्यावं.

एक हिशेब आधीच करून ठेवा. १० मिली दिवसातून दोनदा म्हणजे रोजचे २० मिली, १४ दिवसांचे २८० मिली. १५० मिलीच्या दोन बाटल्यांत कोर्स पूर्ण होतो आणि तळाशी थोडं उरतं. तिसरी बाटली विकत घ्यायची वेळ आली, तर मुदत उलटून गेली आहे असं समजावं.

आणि शक्य असेल तर कोर्स सुरू व्हायच्या आधी दात साफ करून घ्या. शस्त्रक्रियेच्या आधी स्केलिंग होतंच, पण इतर कारणासाठी औषध सुरू होत असेल तर डॉक्टरांना सांगून हे आधी करून घ्यावं. प्लाक आणि कीटण असलेल्या खडबडीत पृष्ठभागावर डाग लवकर आणि जास्त बसतात.

चूळ कशी भरायची

दाढ काढली असेल तर पहिले २४ तास कसलीही चूळ नाही. खड्ड्यात रक्ताची गाठ बसलेली असते, ती निघाली तर हाड उघडं पडून तीन-चार दिवसांनी असह्य ठणका लागतो. २४ तासांनंतरही पहिले काही दिवस औषध तोंडात घेऊन डोकं हळू डावी-उजवीकडे कलवायचं आणि वाकून आपोआप गळू द्यायचं. जोरात खळखळवायचं नाही, पिचकारी मारल्यासारखं थुंकायचं नाही. टाके असलेल्या हिरडीलाही हाच नियम.

एरवी: मापलेलं औषध तोंडात घ्या, गाल फुगवून दातांच्या फटींतून पुढे-मागे फिरवा. ३० सेकंद कमीत कमी, एक मिनिट उत्तम. मोबाईलवर वेळ लावा, कारण जळजळत असलं की पंधरा सेकंदसुद्धा मिनिटभर वाटतात. घशात गुळणी करण्याची गरज नाही, दात आणि हिरड्या हेच लक्ष्य आहे. थुंकल्यावर पाण्याने चूळ भरू नका. पाण्याने चिकटलेलं औषध धुऊन जातं आणि बऱ्याच जणांना कडवटपणा उलट जास्त जाणवतो. पुढचा अर्धा तास खाणं-पिणं नाही.

चुकून घोटभर गिळलं गेलं तर घाबरायचं कारण नाही, आतड्यातून ते फारच थोडं शोषलं जातं. मात्र लहान मुलांना ते परस्पर देऊ नये. त्यांना चूळ भरून थुंकणं जमत नाही. डोळ्यात आणि कानात ते अजिबात जाऊ देऊ नये.

पेस्टशी असलेलं वैर हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. बहुतेक टूथपेस्टमध्ये फेस आणणारा सोडियम लॉरिल सल्फेट हा घटक असतो आणि त्यावर ऋण भार असतो. क्लोरहेक्सिडीन दाताला चिकटायच्या ऐवजी त्यालाच चिकटतं आणि निकामी होतं. म्हणून ब्रश केल्या केल्या चूळ भरायची नाही. ब्रशनंतर भरपूर पाण्याने तोंड धुवा आणि किमान अर्धा तास थांबा, वेळ असेल तर त्याहून जास्त. चूळ भरून लगेच पेस्टने ब्रश केला तरी तेच होतं.

तोंडातल्या बुरशीसाठी निस्टॅटिनचे थेंब चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. ही दोन औषधं एकमेकांना निष्प्रभ करतात, त्यांच्यात वेळेचं अंतर ठेवावं लागतं.

एक उदाहरण, दिवसाच्या वेळापत्रकासह

समजा, पंचेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिकेच्या खालच्या उजव्या दाढांजवळ फ्लॅप शस्त्रक्रिया सोमवारी झाली. टाके आठ-दहा दिवसांनी निघणार. चिठ्ठीत ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन १४ दिवस. दिवसाला चार कप चहा. समोरच्या वरच्या दोन दातांना दातांच्या रंगाचं जुनं फिलिंग.

त्यांचा दिवस असा बसवता येतो. सकाळी साडेसहाला उठल्यावर चहा, पण एकच कप आणि पाठोपाठ साध्या पाण्याची चूळ. लगेच मऊ ब्रशने बाकीचे सगळे दात पेस्टने घासणं, शस्त्रक्रियेची जागा सोडून. आठ वाजता नाश्ता, पाण्याने तोंड स्वच्छ. साडेआठला क्लोरहेक्सिडीन. शाळेतला अकराचा चहा या चौदा दिवसांपुरता ताक किंवा लिंबू सरबतावर न्यायचा, आणि सरबत आंबट असल्याने ताकच बरं. दुपारी जेवण. चारचा चहा हवाच असेल तर घ्यावा, कारण साडेआठच्या चुळीला तोवर साडेसात तास होऊन गेलेले असतात. रात्री साडेआठला जेवण, नऊला ब्रश, दहाला शेवटची चूळ आणि त्यानंतर काहीही न खाता-पिता झोप.

रात्रीची चूळ दोन्हींत जास्त मोलाची. झोपेत लाळ कमी सुटते, औषध धुतलं जात नाही आणि रात्रभर दातांवर टिकतं. दिवसात एखादी चूळ चुकणारच असेल तर ती सकाळची चुकू द्या.

आता बघू काय घडतं. चौथ्या-पाचव्या दिवशी जिभेच्या मागच्या भागावर तपकिरी छटा दिसते. ती जीभ साफ करण्याच्या पट्टीने बऱ्यापैकी निघते. दहाव्या दिवशी खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला, हिरडीलगत आणि दातांच्या फटींत, पिवळट-तपकिरी कडा दिसू लागते. वरच्या दोन दातांच्या फिलिंगच्या कडेला एक बारीक रेष उठते. टाके निघाल्यावर डॉक्टर त्या जागी अगदी मऊ ब्रश सुरू करायला सांगतात. चौदाव्या दिवशी रात्रीची चूळ ही शेवटची. सुमारे महिन्याने तपासणीला गेल्यावर डॉक्टर जागा भरलेली पाहतात, त्याच वेळी बाकीच्या दातांना पॉलिश करतात आणि दहा-पंधरा मिनिटांत कडा निघून जाते. फिलिंगची रेष मात्र पॉलिश करूनही थोडी उरू शकते.

डाग का पडतात

क्लोरहेक्सिडीनचा रेणू दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपसारखा वागतो. एक टोक दाताच्या थराला धरतं आणि दुसरं मोकळं राहतं. चहा, कॉफी, पानातला काथ, रेड वाइन यांत टॅनिन आणि त्यासारखी रंगद्रव्यं असतात. ती त्या मोकळ्या टोकाला येऊन अडकतात आणि तिथेच साचतात. म्हणजे डाग औषधाच्या रंगाचा नसतो. बाटलीतलं द्रावण गुलाबी असो किंवा रंगहीन, डाग तपकिरीच पडतो, कारण तो खाण्यापिण्यातून येतो. म्हणून एकाच डोसवर कोरा चहा पिणाऱ्याचे दात लवकर काळवंडतात आणि दूध पिणाऱ्याचे फार उशिरा. तंबाखू आणि मिश्रीने त्यात भर पडते.

डाग आहे की कीड, हे घरी बऱ्यापैकी ओळखता येतं. क्लोरहेक्सिडीनचा डाग सपाट असतो, एकाच वेळी अनेक दातांवर येतो, हिरडीच्या रेषेने आणि फटींतून पसरतो, दुखत नाही, आणि औषध सुरू झाल्यानंतर एक-दोन आठवड्यांत उमटतो. कीड एखाद्या दातावर एखाद्या ठिकाणी असते, तिथे खड्डा किंवा खाच जाणवते, गोड किंवा गार लागलं की कळ जाते. कीटणाला जीभ लावली की खरखर लागते. आणि हेही माहीत असू द्या की क्लोरहेक्सिडीनने प्लाक कमी होत असला तरी हिरडीच्या वर कीटण उलट थोडं जास्त साचतं. काही आठवडे औषध घेतलेल्या माणसाच्या खालच्या पुढच्या दातांमागे डाग आणि कीटण दोन्ही एकत्र दिसतात ते यामुळेच.

घरच्या घरी हा डाग घालवण्याचे उपाय दाताला महागात पडतात. लिंबू आणि खाण्याचा सोडा, कोळशाची पूड, मिश्री, विटकरीची पूड: यातलं काही डाग खरवडतं, पण सोबत दाताचा वरचा थरही नेतं, आणि खरखरीत झालेल्या दातावर पुढचा डाग जास्त घट्ट बसतो. नेहमीच्या पेस्टने रोज नीट ब्रश केला तर हलके डाग औषध थांबल्यावर काही आठवड्यांत फिके पडतात. उरलेले दवाखान्यात रबर कपाने आणि पॉलिशिंग पेस्टने, गरज पडल्यास अल्ट्रासोनिकने निघतात. हे वरवरचे डाग आहेत, दाताच्या आत शिरत नाहीत. अपवाद दातांच्या रंगाच्या फिलिंगचा. त्याच्या कडेला बारीक फट असेल किंवा वरचा भाग झिजून खरखरीत झालेला असेल, तर डाग आत मुरतो आणि फिलिंग घासून गुळगुळीत करावं किंवा बदलावं लागतं. म्हणून समोरच्या दातांना फिलिंग, व्हीनियर किंवा कवळी असेल तर औषध सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगावं. छोट्या जागेसाठी औषध हवं असेल तर चुळीऐवजी तेवढ्याच जागी जेल लावता येतं, म्हणजे बाकीचे दात वाचतात.

डाग कमी पडावेत म्हणून वेगळे घटक घातलेल्या बाटल्याही बाजारात आहेत. काहींना त्यांचा फायदा होतो, पण त्यांच्यावर विसंबून चहा दुप्पट करू नये.

आमटी अळणी लागते तेव्हा

चवीतला बदल बऱ्याच जणांना डागांपेक्षा आधी जाणवतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. तो सगळ्या चवींवर सारखा नसतो. खारट चव सगळ्यात जास्त मंदावते, कडू चवही बोथट होते, गोड मात्र बहुतेक जसंच्या तसं लागतं. म्हणून चूळ भरल्यानंतर काही वेळाने जेवायला बसलं की वरण, आमटी, भाजी सगळं अळणी लागतं, आणि शिरा मात्र ठीक. जिभेवर चिकटलेलं औषध मिठाची चव ओळखणाऱ्या पेशींच्या कामात अडथळा आणतं, म्हणून असं होतं.

यातला खरा धोका ताटात आहे. जिभेला मीठ कमी लागतं म्हणून वरून मीठ घेतलं जातं, आणि घरातला स्वयंपाक करणारा माणूसच औषध घेत असेल तर सगळ्यांच्याच आमटीत मीठ वाढतं. रक्तदाबाची गोळी चालू असणाऱ्याने या दोन आठवड्यांत मीठ मापाने घालावं, चवीवर घालू नये. स्वयंपाक करताना दुसऱ्या कुणाला तरी चाखायला द्यावं.

उपाय साधा आहे: जेवणाआधी चूळ कधीच भरू नका, जेवण झाल्यावरच भरा. चवीवरचा सगळ्यात जास्त परिणाम चुळीनंतरच्या पहिल्या काही तासांत असतो. वर दिलेल्या वेळापत्रकात नाश्ता आणि रात्रीचं जेवण चुळीच्या आधी ठेवलंय ते याचसाठी.

औषध थांबल्यावर चव सहसा काही दिवसांत पूर्ववत होते. तोंडात सतत लोखंड चघळल्यासारखी चव येत असेल, तर दोष बहुधा दुसऱ्या औषधाचा आहे. हिरडीच्या शस्त्रक्रियेनंतर अनेकदा मेट्रोनिडाझोल दिलं जातं आणि त्याने धातूसारखी चव येते. मीठ लागत नसेल तर क्लोरहेक्सिडीन आणि धातू लागत असेल तर ती गोळी, इतका फरक डॉक्टरांना सांगितला की त्यांना निर्णय घेणं सोपं जातं. दोन्ही थांबवून महिना होऊनही चव परतली नाही तर तपासून घ्यावं.

१४ दिवसच का

डाग आणि चव ही दोन कारणं पाहिली. तिसरं कारण तोंडातल्या उपयोगी जंतूंचं. जिभेवरचे काही जंतू पालेभाज्यांतलं नायट्रेट बदलून नायट्राइट करतात आणि शरीर त्यातून रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड बनवतं. २०१३ साली लंडनमध्ये १९ निरोगी लोकांवर झालेल्या छोट्या अभ्यासात आठवडाभर रोज दोनदा क्लोरहेक्सिडीनने चुळा भरल्यावर रक्तदाब दोन ते साडेतीन मिलिमीटरने वाढलेला दिसला. अभ्यास छोटा होता आणि दोन आठवड्यांच्या कोर्ससाठी यावरून घाबरण्याचं काही कारण नाही. पण कारण नसताना वर्षभर हे जंतू मारत राहण्याच्या विरोधात हा मुद्दा पुरेसा आहे.

चौथं कारण तोंडाच्या नाजूक त्वचेचं. काही जणांना गालाच्या आत पांढरट पापुद्रा सुटतो, जळजळते. पाणी घालून द्रावण सौम्य केलं की बऱ्याचदा थांबतं. क्वचित कानाच्या पुढच्या बाजूला लाळेची ग्रंथी सुजते, एका किंवा दोन्ही गालांवर. औषध बंद केल्यावर ती सूज उतरते, पण डॉक्टरांना कळवावं.

खरी तातडी असते ती ॲलर्जीची. अंगावर पित्त उठणं, ओठ-जीभ सुजणं, दम लागणं, गरगरणं असं चूळ भरल्यानंतर काही मिनिटांत झालं तर औषध थुंका आणि थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. हे अतिशय दुर्मिळ आहे, पण जीवघेणं ठरू शकतं. ऑपरेशनच्या वेळी त्वचेला लावलेल्या अँटिसेप्टिकने किंवा लघवीची नळी टाकताना वापरलेल्या जेलने पूर्वी कधी पित्त उठलं असेल तर ते आधीच सांगा. त्यातही अनेकदा क्लोरहेक्सिडीनच असतं.

पंधराव्या दिवशी

औषध एकदम थांबवायचं, हळूहळू कमी करत न्यायचं नाही. त्या दिवसापासून काम ब्रशचं आणि दातांच्या फटींत घालायच्या छोट्या ब्रशचं. जखमेच्या जागी पहिले काही दिवस थोडं रक्त दिसलं तर ब्रश सोडू नका, फक्त मऊ ब्रश वापरा. रक्त वाढत गेलं, पू आला किंवा सूज परतली तर उरलेली बाटली पुन्हा काढू नका, डॉक्टरांकडे जा. दुसरा कोर्स लागणार असेल तर तो जखम बघून ठरतो.

टॉवेलबाबत एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती बाटलीवर लिहिलेली नसते. तोंड पुसताना क्लोरहेक्सिडीन लागलेला पांढरा टॉवेल क्लोरीनच्या ब्लीचमध्ये भिजवला तर त्यावर तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. या दोन आठवड्यांत जुना, गडद रंगाचा टॉवेल वापरावा, आणि पांढरा लागलाच तर आधी साध्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून मग ऑक्सिजन ब्लीचच्या पावडरीने धुवावा.